कार्ड गुरुवारी ब्लॉक केलं, तरी शनिवारी पैसे कसे गेले?

निमा_र | रविवार, सकाळी १०:१२

गुरुवारी संध्याकाळी डेबिट कार्ड हरवलं. शेवटचं वापरलं ते साडेसातला औषधाच्या दुकानात. घरी आल्यावर पर्स उलटीपालटी केली, कार्ड नाही. रात्री ९:४० ला बँकेच्या हेल्पलाइनवर ब्लॉक केलं. तसा मेसेज आणि तक्रार क्रमांकही आला. नवीन कार्ड मागवलंय.

आज स्टेटमेंट पाहिलं तर शुक्रवार-शनिवारच्या तारखेला चार नोंदी आहेत:

शुक्रवार, पेट्रोल पंप, २१५०
शनिवार, सिनेमे बघायच्या अ‍ॅपची वर्गणी, ३४९
शनिवार, एका अनोळखी 'एंटरप्रायझेस'च्या नावाने ४८०
शनिवार, त्याच नावाने ४६०

पेट्रोल मीच बुधवारी भरलं होतं, पण तेव्हा ३००० गेल्याचा मेसेज आला होता. आता ते ३००० दिसतच नाहीत आणि त्याऐवजी २१५० आलेत. कार्ड ब्लॉक म्हणजे बंद ना? मग हे पैसे गेले कसे? आणि चारही नोंदींवर तक्रार करू का?

---

टवाळ_कार्टं | १०:२०

हेल्पलाइनचा नंबर कुठे मिळाला? माझ्या बँकेने तो कार्डाच्या मागे छापलाय. कार्ड सापडलं की लगेच फोन करून हरवल्याचं कळवायचं, अशी सोय.

---

चष्मिष्ट | १०:३१

चारही नोंदींवर तक्रार ठोका. ब्लॉक केल्यानंतर गेलेला पैसा ही सरळ सरळ बँकेची जबाबदारी, तुमच्याकडे ९:४० चा मेसेज आहे. एकेक निवडत बसू नका, खरं-खोटं काढणं त्यांचं काम.

आणि पुढच्या वेळी हेल्पलाइनच्या नादी लागू नका. अ‍ॅपमध्ये कार्ड 'लॉक' करायचं बटण असतं. एका सेकंदात काम, कार्ड सापडलं की परत चालू. मी दोनदा केलंय.

---

जुना_कारकून | ११:०५

निमाताई, चारही नोंदींवर तक्रार करू नका. मी बँकेच्या कार्ड विभागात होतो, आता निवृत्त आहे. अशा सरसकट तक्रारींची फाईल कशी पुढे सरकते ते पाहिलंय. पेट्रोल तुम्ही भरलेलं आहे. त्या नोंदीवर 'मी केलं नाही' म्हणून सही केलीत आणि पंपाने बुधवारची पावती पुढे ठेवली, की तुमच्या खऱ्या तक्रारीकडेही संशयाने बघतात.

आता मूळ प्रश्न. ब्लॉक केल्याने नवीन परवानगी मिळणं बंद होतं. आधी दिलेली परवानगी रद्द होत नाही. कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. मशीनला कार्ड लावलं की दुकानाची बँक तुमच्या बँकेला विचारते, तुमची बँक होकार देते आणि तेवढी रक्कम खात्यात अडवून ठेवते. त्या क्षणी दुकानदाराला काहीच मिळालेलं नसतं. दिवसअखेरीला किंवा एक-दोन दिवसांनी दुकान आपल्या व्यवहारांची यादी पाठवतं, तेव्हा पैसा खरा हलतो. मधे सुट्टी आली तर आणखी उशीर. तुम्हाला दिसतेय ती या दुसऱ्या टप्प्याची तारीख.

पंपाचं आणखी एक. तुम्ही किती भरणार हे आधी माहीत नसतं, म्हणून काही पंप मोठी रक्कम अडवतात आणि नंतर खऱ्या बिलाची मागणी पाठवतात. मागणी आली की अडवलेले ३००० सुटतात आणि २१५० वजा होतात. हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांचंही असंच. बुधवारची पावती असेल तर आकडा जुळवून बघा.

---

निमा_र | ११:१४

पावती गाडीतच होती. २१५० बरोबर आहे! म्हणजे एक नोंद सुटली.

---

मृण्मयी_क | ११:२६

वर्गणीचं मी सांगते, आमच्याकडे हेच झालं होतं. जुनं कार्ड बंद, नवीन अजून पाकिटातून बाहेरही काढलेलं नाही, आणि अ‍ॅपने पैसे घेतलेसुद्धा. नवरा म्हणे कार्ड चोरीला गेलंय. मी म्हटलं, चोर आपल्याच लॉगिनने आपल्याच आवडीच्या मालिका बघतोय का?

---

जुना_कारकून | ११:५२

मृण्मयीताई, वर्गणीत दोन शक्यता असतात. चष्मिष्टरावांच्या लॉकबद्दलही त्यातच बोलतो.

अ‍ॅपमधलं लॉक तात्पुरतं असतं. कार्ड सोफ्यात सापडेल की खरंच गेलं हे कळेपर्यंतच्या अर्ध्या तासासाठी ते उत्तम. पण बऱ्याच बँका लॉक असताना आधीपासून मंजूर असलेल्या वर्गण्या जाऊ देतात. आणि मुख्य म्हणजे लॉक केलं म्हणजे बँकेला 'कार्ड हरवलं' असं कळवलं, असा अर्थ होईलच असं नाही. पुढे वाद झाला तर तुम्ही कधी कळवलंत यावर सगळं अडतं. लॉक आधी करा, जरूर करा. पण कार्ड सापडत नाही असं दिसलं की कायमचं ब्लॉक करून तक्रार क्रमांक घ्या. एकदा कायमचं ब्लॉक झालेलं कार्ड परत चालू होत नाही, नवीन नंबरचंच मिळतं.

निमाताईंनी कायमचं ब्लॉक केलंय, तेव्हा दुसरी शक्यता जास्त. कार्ड कंपन्या नवीन नंबर आणि नवीन मुदत तुमच्या वतीने व्यापाऱ्याला कळवतात. व्हिसाची ती सेवा 'अकाउंट अपडेटर', मास्टरकार्डची 'ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर'. सगळ्या बँका आणि सगळे व्यापारी त्यात नसतात, म्हणून काही वर्गण्या आपोआप चालू राहतात आणि काही फसतात. काही अ‍ॅप्सकडे तर कार्डाचा नंबर नसतोच, त्याच्या जागी एक पर्यायी क्रमांक साठवलेला असतो. मागे कार्ड बदललं तरी तो जुन्यावरून नव्यावर वळवता येतो.

त्यामुळे ३४९ ही चोरी नव्हे. वर्गणी नको असेल तर ती अ‍ॅपमध्ये जाऊन रद्द करायची. कार्ड हरवलं म्हणून वर्गणी मेली असं धरून चालू नका.

---

अगाऊ_पाहुणा | १२:०३

म्हणजे जिममधून सुटायचं म्हणून कार्ड हरवायचा माझा बेत पाण्यात.

---

चष्मिष्ट | १२:१०

लॉकचं पटलं. पण मग त्या 'एंटरप्रायझेस'चं काय? तिथे तर पिन विचारला असणारच. चोराला पिन कुठून कळला? निमाताई, पिन कार्डावर लिहिला नव्हता ना?

---

निमा_र | १२:१५

नाही हो! पिन कुठेच लिहिलेला नाही. आणि ते नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

---

वाटसरू | १२:२८

नाव अनोळखी म्हणून घाबरू नका. दुकानाच्या पाटीवर एक नाव असतं आणि मशीन ज्या फर्मच्या नावाने घेतलंय ते वेगळंच. तुमचं औषधाचं दुकानच 'एंटरप्रायझेस' असेल!

---

निमा_र | १२:३३

मीही तसंच म्हटलं होतं, पण औषधांचं बिल वेगळं आलंय, दुकानाच्या नावानेच, आकड्यासकट बरोबर.

---

जुना_कारकून | १२:५८

वाटसरूंचा मुद्दा नेहमी आधी तपासावा असाच आहे. 'माहीत नसलेलं दुकान' म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच अशाच निघायच्या. पण इथे दोन जवळजवळ सारख्या रकमा, एकाच नावाने, आणि औषधाचं बिल वेगळं. मला हा टॅप वाटतो.

चष्मिष्टराव, कार्डावर वाय-फायसारख्या रेघा असतील तर एका मर्यादेखालच्या रकमेला पिन लागत नाही, कार्ड मशीनला नुसतं टेकवायचं. मर्यादा देशागणिक आणि बँकेगणिक वेगळी. लागोपाठ बरेच टॅप झाले किंवा एकूण रक्कम ठरावीक आकड्यापुढे गेली, की बऱ्याच ठिकाणी मधेच पिन मागितला जातो. ज्याला कार्ड सापडतं तो म्हणून मोठी खरेदी करत नाही, दोन-तीन छोट्या करून कार्ड टाकून देतो. ४८० आणि ४६० चा साचा तोच आहे.

आता बँकेला नेमकं काय विचारायचं ते सांगतो. 'हे पैसे कसे गेले' असं विचारलंत तर ठरीव उत्तर येईल. त्यापेक्षा दोन गोष्टी मागा. एक, परवानगी मागितल्याची तारीख आणि वेळ, मिनिटासकट. स्टेटमेंटवरची तारीख नको, कारण ती पैसा हलल्याची. दुसरी, कार्ड कसं वापरलं त्याचा कोड, म्हणजे पीओएस एंट्री मोड. ०५ ने सुरू होत असेल तर चिप मशीनमध्ये घातली होती, ०७ म्हणजे टॅप, ९० म्हणजे चुंबकीय पट्टी घासली. हेल्पलाइनवरच्या मुलाला कदाचित दिसणार नाही, पण तक्रार विभागाच्या पडद्यावर असतं.

वेळ ९:४० च्या नंतरची निघाली तर प्रश्नच नाही, ब्लॉक केलेल्या कार्डाला बँकेने होकार दिला असा अर्थ. आधीची निघाली तर लढाई थोडी वेगळी.

---

मृण्मयी_क | १:१०

ब्लॉक झालेलं कार्ड टॅप होऊच शकत नाही, बरोबर?

---

जुना_कारकून | १:१९

जवळजवळ. काही मशीनं बँकेला न विचारताच होकार देतात. विमानातली विक्री घ्या, उडताना जोडणीच नसते, मशीन व्यवहार साठवून ठेवतं आणि नंतर पाठवतं. काही वाहनतळ, काही प्रवासाची फाटकं अशीच चालतात. तिथे ब्लॉक केलेलं कार्डही काही काळ चालून जाऊ शकतं. रकमा छोट्या असतात आणि तोटा सहसा ग्राहकाच्या माथी येत नाही, पण नोंद दिसली तर कळवावी लागते.

---

सुहास_पेठे | २:०२

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलाचं क्रेडिट कार्ड एटीएममध्ये अडकलं. पिन चुकला नव्हता. आता मशीनवाल्या बँकेकडे जायचं की आपल्या?

---

वाटसरू | २:०९

पेठेकाका, आपल्या बँकेला कळवून ब्लॉक करा. दुसऱ्याच्या मशीनमधून कार्ड परत मिळेल या आशेवर थांबू नका. आणि हा धागा डेबिटचा आहे. क्रेडिट कार्डात निदान बँकेचा पैसा अडकलेला असतो, डेबिटमध्ये आपला पगार.

---

दूरदेशी | २:४७

टॅप ९:४० च्या आधीचे निघाले तर काय, यावर माझा अनुभव. मी अमेरिकेत आहे. इथे 'रेग्युलेशन ई' नावाचा नियम आहे. कार्ड हरवल्याचं कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत बँकेला सांगितलं तर तुमचा तोटा जास्तीत जास्त ५० डॉलर. उशीर केला तर तो ५०० पर्यंत जातो. आणि स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस उलटूनही गप्प राहिलात, तर त्यानंतर होणारी चोरी पूर्णपणे तुमच्या अंगावर येऊ शकते. तुम्ही निष्काळजी होता का, हे इथे मोजत नाहीत. म्हणून मी पहिलं विचारीन, कळवलं कधी? निमाने तर त्याच रात्री कळवलं.

---

चष्मिष्ट | ३:०५

भारतात तर त्याहून चांगलं आहे. आरबीआयचा २०१७ चा नियम, तीन दिवसांत कळवलं की ग्राहकाची जबाबदारी शून्य. विषय संपला.

---

जुना_कारकून | ३:४०

अर्धं बरोबर. ६ जुलै २०१७ च्या त्या परिपत्रकात शून्य जबाबदारी दोन प्रसंगी आहे. चूक बँकेची असेल तेव्हा, किंवा चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधेच कुठेतरी असेल आणि व्यवहाराचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तेव्हा. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित जबाबदारी. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालं असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा.

मग कार्ड हरवणं हा निष्काळजीपणा का? बँक म्हणणार हो. परिपत्रकात उदाहरण दिलंय ते पासवर्ड-पिनसारखी माहिती दुसऱ्याला देण्याचं, आणि खिशातून कार्ड पडणं म्हणजे काही ते नव्हे. शिवाय जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचं ओझं त्यात बँकेवर टाकलंय. मी निमाताईंच्या बाजूने लिहिलं असतं. माझे साहेब दुसऱ्या बाजूने लिहायचे.

---

दूरदेशी | ३:४८

म्हणजे नियम आहे, पण टॅपवाला प्रसंग त्यात थेट बसत नाही.

---

जुना_कारकून | ३:५१

बसवावा लागतो.

---

अगाऊ_पाहुणा | ४:०४

पोलिसांत आधी तक्रार द्यावी लागते ना? माझ्या मेव्हण्याला बँकेने कागद आणायला लावला होता.

---

वाटसरू | ४:१६

आधी मुळीच नाही. ठाण्यात रांगेत उभं असताना कार्ड चालूच राहणार! आधी ब्लॉक. पैसे गेले असतील तर बँक तक्रारीसोबत कागद मागू शकते, तेव्हा द्या. भारतात असाल तर पैसे गेल्याचं सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही कळवता येतं.

आणखी एक. हेल्पलाइनचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. शोधात वर दिसणारे काही नंबर ठगांचे असतात आणि घाबरलेला माणूस सगळं सांगून टाकतो. बँकेच्या अ‍ॅपमधला, पासबुकावरचा किंवा जुन्या स्टेटमेंटवरचा नंबर घ्या. ब्लॉक केल्यावर 'आम्ही कार्ड विभागातून बोलतोय, नवीन कार्डासाठी ओटीपी सांगा' असा फोन आला तर ठेवून द्या. कार्ड पाठवायला तुमचा ओटीपी कशाला लागेल?

---

मृण्मयी_क | ४:४५

नवीन कार्डाबद्दल एक. मागवताना बँकेकडे पत्ता कोणता आहे ते बघा. आमचं जुन्या घरी गेलं आणि तिथल्या भाडेकरूने प्रामाणिकपणे परत पाठवलं, म्हणून नशीब. तोवर फोनमधल्या वॉलेटवर भागवलं. आमच्या बँकेने फोनमध्ये जोडलेलं कार्ड नव्या नंबरवर आपोआप वळवलं होतं, बहिणीच्या बँकेत मात्र पुन्हा जोडावं लागलं.

आणि नवीन कार्ड आल्या आल्या टॅप चालत नव्हतं. आधी एकदा मशीनमध्ये घालून पिन टाकायचा होता, मग सुरू झालं. ऑनलाइन वापरही अ‍ॅपमधून स्वतः चालू करावा लागला. मला वाटलं कार्डच खराब आलं.

---

टवाळ_कार्टं | ४:५२

नवीन कार्ड आल्यावर जुनं कोटाच्या आतल्या खिशात सापडतं, हा निसर्गनियम आहे. मी एकदा ते दुकानात काढलं. मशीनने नाही म्हटल्यावर मागच्या रांगेने ज्या नजरेने बघितलं...

---

वाटसरू | ४:५८

सापडलं तर चिप आणि पट्टी दोन्ही कापून फेका.

---

चष्मिष्ट | ५:२०

स्टेटमेंटमध्ये एक-दोन रुपयांच्या नोंदी पण शोधा. चोर आधी छोटी रक्कम टाकून कार्ड चालतंय का बघतात.

---

जुना_कारकून | ५:४४

ते जास्त करून नंबर फुटला असेल तेव्हा होतं, चोराच्या हातात कार्ड नसतं म्हणून तो चाचपून बघतो. हातात कार्ड असलेला थेट टॅप करतो. तरी बघावं, कारण ज्याला कार्ड सापडलं त्याने दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवला असेल तर सांगता येत नाही. निमाताईंच्या बाबतीत जुना नंबर मेला आहे, तेव्हा तो फोटो नव्या खरेदीला निरुपयोगी.

त्यापेक्षा एक करा. मागच्या १३ महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमा वेगळ्या लिहा. बारा महिन्यांचं काढलं तर वर्षातून एकदा जाणारी एखादी काठावर निसटते. त्यातला विमा किंवा वेबसाइटचं नाव असं काही नव्या नंबरवर वळलं नाही, तर हप्ता चुकल्याचं महिन्याभराने कळतं.

---

निमा_र | सोमवार, दुपारी १:३७

आज तक्रार विभागाशी बोलले. काकांनी सांगितलेले शब्दच वापरले, समोरच्या बाईंनी एक क्षण थांबून विचारलं, 'मॅडम, तुम्ही बँकेत होता का?' दोन्ही व्यवहारांचा कोड ०७. वेळ गुरुवार रात्री ८:५२ आणि ८:५५. म्हणजे टॅपच, आणि ब्लॉक करायच्या पाऊण तास आधी.

फक्त त्या दोनच नोंदींवर लेखी तक्रार दिली. सोबत औषधाचं ७:३० चं बिल, ब्लॉकचा मेसेज आणि तक्रार क्रमांक. ८:५२ ला मी घरच्या इमारतीच्या फाटकातून आत आल्याची नोंद सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये आहे, तीही जोडली. बाई म्हणाल्या, ब्लॉकच्या आधीचे व्यवहार 'बघावं लागेल'.

---

जुना_कारकून | २:०५

फाटकाची नोंद जोडलीत ते फार चांगलं केलंत. त्याच परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा व्हायला हवी, आणि निकाल ९० दिवसांत. तात्पुरती जमा म्हणजे तुमची झाली असं नाही, निकाल विरुद्ध गेला तर काढून घेतात, तेव्हा ती खर्चू नका. बँकेने नाकारलं तर नाकारण्याचं कारण लेखी मागा. ३० दिवसांत उत्तरच आलं नाही किंवा पटलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

---

चष्मिष्ट | २:१८

मी अजूनही म्हणतो बँकेने द्यायलाच हवेत. पिन न विचारता पैसे जाऊ द्यायची सोय ग्राहकाने मागितली होती का?

---

दूरदेशी | २:३०

हे मात्र पटलं.

---

जुना_कारकून | २:४१

टॅप अ‍ॅपमधून बंद करता येतो, म्हणून बँक म्हणेल तुम्ही चालू ठेवलात. नवीन कार्डावर हवा तरच चालू करा.

---

निमा_र | ३:१५

आणखी एक राहिलं. मागच्या आठवड्यात ऑनलाइन घेतलेली चप्पल परत केली, पैसे जुन्या कार्डावर येणार होते. ते गेले का?

---

जुना_कारकून | ३:२२

नाही. डेबिट कार्ड खात्याला जोडलेलं असतं, जुन्या नंबरवर आलेला परतावा बँक सहसा त्याच खात्यात जमा करते. खातं बंद केलं असतं तर अडचण होती. दुकानाकडून परताव्याचा संदर्भ क्रमांक घेऊन ठेवा, आठवड्याभरात दिसला नाही तर तोच बँकेला द्यायचा.